बारा बाण, दोन भिंगं

या पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक छायाचित्र आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवलेला, एका डोळ्याने पाहायचा, खाली आरसा असलेला काळा मायक्रोस्कोप. त्याच्या अंगाला बारा बाण लागलेले आहेत आणि प्रत्येक बाणापुढे एक रिकामी रेघ आहे. हे चित्र आपल्यापैकी कुणालाही परकं नाही. परीक्षेत 'भागांना नावे द्या' म्हणून ते येतं, आपण नावं देतो, गुण मिळतात आणि पान उलटतं.

मी अनेक वर्षं महाविद्यालयात प्रात्यक्षिकं घेतली. तोंडी परीक्षेत बाराही नावं घडाघडा सांगणाऱ्या मुलांना मी एक पुढचा प्रश्न विचारत असे: यातले वस्तू मोठी करून दाखवणारे भाग कोणते? ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस ही दोन नावं लगेच यायची. मग जरा थांबून, मोठ्या खात्रीने तिसरं नाव यायचं, 'आरसा'. त्याचं कारणही मुलं नीट सांगायची. आरशाची एक बाजू अंतर्वक्र असते आणि अंतर्वक्र आरशात चेहरा मोठा दिसतो, हे ती आदल्याच वर्षी भौतिकशास्त्रात शिकलेली असायची. चूक होती, पण विचार करून केलेली चूक होती. असं उत्तर देणारी एक विद्यार्थिनी आज या पुस्तकाची लेखिका आहे. पुस्तक त्याच प्रश्नातून निघालं आहे, असं तिने हस्तलिखित पाठवताना सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं.

तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बारा बाणांपैकी वस्तू मोठी करणारे भाग दोनच. आरसा प्रकाश वर पाठवतो. तो काचपट्टीच्या खाली असतो, त्याच्यात पदार्थाची प्रतिमा पडतच नाही, मग ती मोठी होणार कुठून? अंतर्वक्र बाजूचं काम प्रकाश गोळा करून पदार्थावर टाकण्याचं, आणि तेही खाली कंडेन्सर नसेल तेव्हा. कंडेन्सर असेल तर सपाट बाजू वर ठेवायची, कारण प्रकाश एकवटण्याचं काम कंडेन्सर करतो. दोन्ही एकदम लावले तर प्रकाश भलत्याच ठिकाणी एकवटतो आणि वर पाहणाऱ्याला मधे उजेड आणि कडेला काळोख दिसतो. मग उरलेले दहा बाण कशासाठी? त्यांतले काही नुसते आधारासाठी आहेत. पण काही असे आहेत की त्यांच्याशिवाय त्या दोन भिंगांनी मोठं केलेलं फुकट जातं.

आधी ती दोन भिंगं पाहू. ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तुभिंग, काचपट्टीच्या अगदी जवळ असतं. त्याच्या धातूच्या नळकांड्यावर ४० असा आकडा असेल तर त्याचं नाभीय अंतर ४ मिलिमीटरच्या आसपास असतं. पदार्थ त्या अंतराच्या किंचित पलीकडे ठेवला की त्याची खरी, उलटी प्रतिमा वर नळीत, साधारण १६० मिलिमीटर दूर पडते. १६० भागिले ४ म्हणजे ४०. वस्तुभिंगावरचा आकडा येतो तो असा. ही प्रतिमा खरी असते, पडद्यावर पकडता येण्यासारखी. खोलीत अंधार करून आयपीस काढा, नळीच्या तोंडावर बटर पेपरचा तुकडा धरा, सर्वांत कमी शक्तीचं भिंग लावा आणि मोठा स्क्रू जरासा फिरवा. कागदावर अंधूक पण ओळखू येईल असं चित्र उमटतं. हा प्रयोग पाहिलेलं मूल 'नळीत प्रतिमा पडते' हे वाक्य पुन्हा पाठ करत नाही. ते त्याने पाहिलेलं असतं.

दुसरं भिंग आयपीस, म्हणजे नेत्रिका. नळीत पडलेल्या त्या प्रतिमेकडे आपण आयपीसमधून पाहतो, जसं आजोबा पेपरातल्या बारीक अक्षरांवर भिंग धरतात तसं. निरोगी डोळ्याने वाचण्याचं सोयीचं अंतर २५० मिलिमीटर धरतात. आयपीसचं नाभीय अंतर २५ मिलिमीटर असेल तर २५० भागिले २५, म्हणजे दहा. तोच १० आयपीसच्या कडेवर लिहिलेला असतो. आधीच ४० पट झालेल्या प्रतिमेला आणखी दहा पट, म्हणून एकूण ४००. इथे गुणाकार का करायचा, बेरीज का नाही, हेही यातून कळतं: दुसरं भिंग मूळ पदार्थाकडे पाहतच नाही, ते पहिल्याने केलेल्या चित्राकडे पाहतं. दोन डोळ्यांनी पाहायच्या मायक्रोस्कोपच्या डोक्यावर कधीकधी आणखी एक आकडा असतो, १.२५ वगैरे. असेल तर त्यानेही गुणायचं. बहुतेक ठिकाणी तो एक असतो, म्हणून कुणी त्याची दखल घेत नाही.

प्रतिमा उलटी असते याचा पुरावा मराठी माणसाला इंग्रजी अक्षरापेक्षा लवकर मिळतो. वर्तमानपत्रातल्या बारीक छपाईतला 'म' कापून काचपट्टीवर सरळ ठेवा. वरून पाहिलं की शिरोरेषा खाली गेलेली असते आणि अक्षर त्या रेषेवर उभं असल्यासारखं दिसतं. डावं-उजवंही बदललेलं असतं. काचपट्टी उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळतं. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा हात इथे गोंधळतो आणि आठवड्याभरात तो आपोआप शिकतो.

इतकं सरळ असेल तर भिंगांवर भिंगं रचून हवं तितकं मोठं का करता येत नाही? मायक्रोस्कोपचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो, आणि म्हणून तो इथे थोडा सांगितला पाहिजे.

दोन भिंगांचं यंत्र सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपात आलं. ते पहिल्यांदा कुणी केलं याबद्दल वाद आहे, आणि त्या वादात इथे शिरण्याचं कारण नाही. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मायक्रोग्राफिया'त बुचाच्या कापातले कप्पे दाखवले, त्यांना 'सेल' म्हटलं आणि तो शब्द जीवशास्त्रात राहिला. हूक यांचा मायक्रोस्कोप दोन-तीन भिंगांचा होता. त्याच काळात हॉलंडमधल्या डेल्फ्टचे कापड व्यापारी आंतोनी व्हॅन लेवेनहूक एकाच इवल्याशा भिंगातून पाहत होते आणि त्यांना जीवाणू दिसले. त्यांचं शिल्लक असलेलं सर्वांत शक्तिमान भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी करतं. एक भिंग दोन भिंगांना भारी पडत होतं. कारण साधं होतं: काच वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात वाकवते. निळा एका जागी एकवटतो, तांबडा दुसऱ्या. त्यामुळे प्रतिमेला रंगीत झालर येते, आणि दुसरं भिंग पहिल्याच्या प्रतिमेबरोबर तिची झालरही मोठी करतं. एकाने केलेली चूक दुसरा इमानेइतबारे वाढवत होता. पुढची दीडशे वर्षं संयुक्त सूक्ष्मदर्शक दिवाणखान्यात शोभेसाठी जास्त आणि खऱ्या अभ्यासासाठी कमी वापरला गेला, असं म्हणायला हरकत नाही.

कोंडी फुटली ती वस्तुभिंगात. लंडनमधले दारूचे व्यापारी जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी १८३० मध्ये, वेगवेगळ्या जातींच्या काचा जोडून केलेली भिंगं ठरावीक अंतरावर बसवली तर एकाचा दोष दुसरं फेडतं, हे दाखवून दिलं. शस्त्रक्रियेत जंतुनाशन आणणारे लिस्टर हे त्यांचे चिरंजीव. आज छायाचित्रात ज्याला आपण 'ऑब्जेक्टिव्ह' म्हणून एक बाण लावतो ते म्हणूनच एक भिंग नाही. नळकांड्याच्या आत चार, पाच, कधी त्याहून जास्त काचा असतात. या प्रस्तावनेच्या मथळ्यात मी 'दोन भिंगं' म्हटलं आहे ते कामाच्या हिशेबाने. काचांच्या हिशेबाने नव्हे.

यानंतर दोन घराणी झाली, गाण्यात असतात तशी. इंग्रज कारागिरांचे मायक्रोस्कोप उंच, पितळी, २५० मिलिमीटरच्या लांब नळीचे, भरपूर स्क्रूंचे. भिंग घासायचं, पाहायचं, परत घासायचं, ही त्यांची रीत. युरोपच्या मुख्य भूमीवर, विशेषतः जर्मनीत, नळी आखूड, पाय घोड्याच्या नालासारखा, यंत्र साधं आणि रोजच्या कामाचं. येना गावातल्या कार्ल त्साइस यांच्या कारखान्यातही सुरुवातीला घासून पाहण्याचीच रीत होती. १८६६ मध्ये त्यांनी विद्यापीठातल्या एर्न्स्ट आबे या तरुण अध्यापकाला बोलावलं आणि भिंग कागदावर आकडेमोड करून आधी ठरवायला सांगितलं. आबे यांनी तसं केलं. दोष कमी करण्यासाठी त्यांनी भिंगाचं तोंड अरुंद ठेवलं. प्रतिमा स्वच्छ आली, पण बारीक तपशील मात्र जुन्या, अंदाजाने घासलेल्या रुंद तोंडाच्या भिंगापेक्षा कमी दिसला.

या अपयशाचा माग काढताना आबे यांना जे कळलं ते १८७३ मध्ये त्यांनी मांडलं, आणि मायक्रोस्कोपकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. पदार्थातले बारीक तपशील प्रकाशाला तिरकं फाकवतात. तपशील जितका बारीक तितका प्रकाश जास्त तिरका फाकतो. तो तिरका प्रकाश भिंगाच्या तोंडात शिरलाच नाही तर त्या तपशिलाची बातमीच वर पोचत नाही, मग पुढे कितीही पट मोठं करा. भिंग किती तिरका प्रकाश आत घेऊ शकतं याच्या मापाला न्यूमेरिकल अपर्चर म्हणतात. ते वस्तुभिंगावर मोठ्या आकड्याच्या शेजारी लहान अक्षरात कोरलेलं असतं. ४०/०.६५ असं लिहिलेलं असेल तर ४० ही मोठं करण्याची शक्ती आणि ०.६५ ही बारकावा टिपण्याची. पहिला आकडा सगळे वाचतात. दुसरा मी अनेक वर्षं परीक्षक म्हणून गेलो तिथे फारच थोड्यांनी वाचलेला आढळला. माझ्या मते या पुस्तकाचा गाभा त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

एक उदाहरण पुरं करून दाखवतो. ताकाचा पातळ थेंब काचपट्टीवर पसरा, वाळवा, ज्योतीवरून झरकन फिरवा आणि मिथिलिन ब्लू लावून धुवा. विरजणातले गोल जीवाणू जोड्यांनी किंवा माळेने असतात. एकेकाचा व्यास एक मायक्रोमीटरच्या आसपास, आणि मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता ४०/०.६५ चं भिंग आणि १० चा आयपीस लावा. हिरवट प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर. तिला ०.६१ ने गुणून ०.६५ ने भागलं की येतं सुमारे अर्धा मायक्रोमीटर. म्हणजे याहून जवळ असलेले दोन ठिपके हे भिंग वेगळे दाखवणार नाही. ४०० पटीने तो अर्धा मायक्रोमीटर डोळ्याला ०.२ मिलिमीटरएवढा दिसतो, आणि तेवढं अंतर आपला डोळा सुखाने ओळखतो. भिंगाने जेवढं टिपलं तेवढं डोळ्यापर्यंत आलं. जोडी जोडी म्हणून कळते, पण दोन गोळ्यांच्या मधली खाच पुसट राहते.

ती खाच पाहायची म्हणून कुणी आयपीस बदलून २५ चा लावतो. आता एकूण शक्ती १,०००. आकडा ऐकायला छान आहे. पण वस्तुभिंग तेच आहे, त्याने टिपलेला अर्धा मायक्रोमीटर तोच आहे. तो आता ०.२ ऐवजी ०.५ मिलिमीटर दिसतो, एवढंच. खाच होती तितकीच पुसट, फक्त पुसटपणा अडीच पट मोठा. वर उजेड सहा पटींनी कमी, कारण तेवढाच प्रकाश आता मोठ्या जागेवर पसरला. याला रिकामं वर्धन म्हणतात. त्याची हद्द ओळखायला ठोकताळा आहे: न्यूमेरिकल अपर्चरच्या ५०० ते १,००० पटीपर्यंतचं वर्धन कामाचं, पुढचं रिकामं. ०.६५ साठी ती हद्द ६५० ला संपते.

खाच खरोखर पाहायची असेल तर वस्तुभिंगच बदललं पाहिजे: १००/१.२५, आणि सोबत तेलाचा थेंब. तेल का? काचेतून हवेत येताना तिरका प्रकाश आणखी बाहेर वळतो आणि भिंगाच्या तोंडाला चुकवून जातो. म्हणून हवेतून पाहणाऱ्या भिंगाचं अपर्चर १ च्या पुढे जाऊच शकत नाही. काचेइतकंच प्रकाश वाकवणारं तेल मधे भरलं की प्रकाशाला काच संपल्याचं कळतच नाही, तो सरळ भिंगात जातो. ही कल्पना लंडनच्या जे. डब्ल्यू. स्टीफनसन यांची, भिंग केलं आबे यांनी, १८७८ मध्ये. दोन घराणी अशी एका थेंबात एकत्र आली. वरचंच गणित १.२५ ने केलं तर ०.२७ मायक्रोमीटर येतं. १० च्या आयपीसने एकूण वर्धन तेच १,०००, पण आता दोन गोळे वेगळे दिसतात आणि खाच स्पष्ट असते. दोन्हीकडे आकडा हजारच, पण एकात हजारपट माहिती नव्हती आणि दुसऱ्यात होती.

या पार्श्वभूमीवर छायाचित्रातल्या खालच्या बाणांकडे पाहिलं की ते निरुपयोगी वाटत नाहीत. स्टेजच्या खाली, सावलीत, एरवी अशा छायाचित्रांत सर्वांत वाईट दिसणारा भाग म्हणजे कंडेन्सर. त्याच्या पोटात आयरिस डायफ्रॅम, पात्यांची उघडझाप करणारी खिडकी, आणि बाहेर डोकावणारी तिची बारीक दांडी. पदार्थावर तिरका प्रकाश पुरेसा टाकला तरच वस्तुभिंगाला तो गोळा करता येतो. ते काम या जोडीचं. उजेड जास्त वाटतो म्हणून मुलं डायफ्रॅम मिटवतात. चित्र एकदम ठसठशीत होतं, कडा काळ्या होतात, आणि मुलांना वाटतं आता छान दिसतंय. प्रत्यक्षात ०.६५ च्या भिंगाखाली खिडकी ०.२ पर्यंत मिटवली तर अर्ध्या मायक्रोमीटरची क्षमता ०.८ वर येते, आणि त्या ठळक कडांभोवती दिसणारी वलयं पदार्थात नसतातच. ताकातला जीवाणू वलयांकित दिसला की आधी डायफ्रॅम तपासावा. बरोबर उघडझाप कशी करायची? आयपीस काढा, नळीतून खाली पाहा. तळाशी उजेडाची गोल थाळी दिसते. डायफ्रॅम हळूहळू मिटवत, थाळीचा साधारण पाव भाग कडेने झाकला जाईल इथवर आणा आणि आयपीस परत बसवा. भिंग बदललं की हे पुन्हा करायचं. उजेड कमी करायचा तर दिवा मंद करावा किंवा आरसा वळवावा, खिडकीला हात लावू नये.

उरलेले बाण मी भराभर ओलांडतो, पुस्तक त्यांना पुरेशी जागा देतं. हात आणि तळ यंत्र धरून ठेवतात. उचलताना एक हात त्या हाताला आणि दुसरा तळाखाली. मोठा आणि बारीक स्क्रू वर्धनात काही भर घालत नाहीत, अंतर जुळवतात. नळीचं काम लांबी राखण्याचं, कारण वस्तुभिंगावर कोरलेल्या १६०/०.१७ मधला पहिला आकडा तिच्याबद्दलच आहे: १६० मिलिमीटरची नळी आणि ०.१७ मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप गृहीत धरून हे भिंग घडवलेलं आहे. हा १६० युरोपच्या मुख्य भूमीचा, आणि भिंग नोजपीसमध्ये बसवण्याचे आटे लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८५८ मध्ये ठरवलेले. नव्या यंत्रांवर १६० च्या जागी आडव्या आठासारखं अनंताचं चिन्ह असतं. तसं असेल तर डोक्यात एक तिसरं भिंग लपलेलं असतं आणि जुनी-नवी वस्तुभिंगं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. अंबाल्याहून आलेले विद्यार्थी-मायक्रोस्कोप आपल्या बहुतेक शाळांत असतात, त्यांतल्या जुन्यांवर १६० सापडेल.

नोजपीसवर मात्र थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. नोजपीस म्हणजे भिंगं धरणारी फिरती चकती. बाण चकतीला आणि नाव 'ऑब्जेक्टिव्ह', ही उत्तरपत्रिकांमधली नेहमीची अदलाबदल. चकतीवरची भिंगं अशा लांबीची केलेली असतात की एकात स्पष्ट दिसलं की फिरवून दुसऱ्यात जवळपास स्पष्ट दिसावं, फक्त बारीक स्क्रू लागावा. तसं झालं नाही तर काहीतरी चुकलं आहे. अगदी नेहमीची चूक म्हणजे काचपट्टी उलटी, कव्हरस्लिप खाली. चार आणि दहाच्या भिंगात सगळं व्यवस्थित दिसतं. चाळीसचं लावलं की काही केल्या दिसत नाही. कारण त्या भिंगाला समोर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच मोकळी जागा असते आणि काचपट्टी स्वतःच मिलिमीटरभर जाड. विद्यार्थी मोठा स्क्रू फिरवत राहतो आणि भिंग काचेवर टेकतं. मी ज्या प्रयोगशाळांत काम केलं त्यांपैकी एका ठिकाणी एका सत्रात तीन भिंगं अशी ओरखडली होती. तेव्हापासून चाळीसच्या भिंगाखाली मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, असा कागद प्रत्येक टेबलावर चिकटवला.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे शंभरचं तेल चाळीसला लागणं. तेलाने पाहून झाल्यावर कुणीतरी चकती मागे फिरवतं आणि कोरडं वापरायचं भिंग थेंबातून जातं. पुढच्या तासाला चाळीसमध्ये सगळं दुधाळ दिसतं, जणू धुक्यात. लेन्स पेपरने, लागलंच तर द्रावकाचा अगदी थोडा स्पर्श देऊन ते पुसता येतं, पण आधी दोष कुठे आहे ते ओळखायला हवं. त्याची जुनी युक्ती अशी: डाग दिसला की आयपीस हलकेच फिरवा. डाग फिरला तर तो आयपीसवर. काचपट्टी सरकवा, डाग सरकला तर पट्टीवर. दोन्हींत जागचा हलला नाही आणि भिंग बदलल्यावर नाहीसा झाला, तर वस्तुभिंगावर.

आयपीसचा उल्लेख आला तसे रोनाल्ड रॉस आठवतात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना मलेरियाच्या परोपजीवीच्या पेशी दिसल्या. त्या दिवसांबद्दल त्यांनी नोंदवलं आहे की हातांच्या आणि कपाळाच्या घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते आणि उरलेला शेवटचा आयपीसही तडकलेला होता. मला यात बाकी कशाहून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आयपीसला तडा असूनही त्यांना दिसलं, कारण तपशील टिपण्याचं काम खाली वस्तुभिंगात होऊन गेलं होतं. तडा वस्तुभिंगाच्या पुढच्या काचेला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

हे सारं आजच लिहिण्याचं एक कारण आहे. आता मुलं आयपीसला मोबाइल लावून छायाचित्र काढतात आणि खाली लिहितात '४०० पट'. हा आकडा डोळ्याने पाहणाऱ्यासाठी होता, छायाचित्रासाठी नाही. आयपीसवर १० च्या शेजारी १८ लिहिलेलं असेल तर त्या गोल खिडकीची रुंदी १८ मिलिमीटर. तिला ४० ने भागलं की पदार्थाचा ०.४५ मिलिमीटरचा तुकडा आपल्याला दिसतो. तो तुकडा पुस्तकात ९ सेंटिमीटर रुंद छापला तर वर्धन झालं २०० पट. तोच वर्गातल्या पडद्यावर १.८ मीटर रुंद दाखवला तर ४,००० पट. दोन्हींत तपशील तोच, अर्ध्या मायक्रोमीटरचा. म्हणून छायाचित्राखाली पट न लिहिता मापाची रेघ काढावी. ती कशी मिळवायची? चारच्या भिंगाखाली प्लॅस्टिकची पट्टी ठेवा. खिडकीत साडेचार मिलिमीटर दिसतील, मोजून खात्री करा. मग दहाच्या भिंगात ती १.८ मिलिमीटर असणार. कांद्याच्या पापुद्र्यातल्या सहा पेशी लांबीने तिच्या आरपार बसल्या तर एक पेशी ०.३ मिलिमीटर लांब. बाजारात संगणकाला जोडायचे स्वस्त मायक्रोस्कोप 'हजारपट' म्हणून मिळतात ते पडद्याच्या आकारावर हिशेब मांडून. त्यांच्या खोक्यावर अपर्चरचा आकडा शोधून पाहावा.

या पुस्तकात लेखिकेने भाग वरून खाली न सांगता प्रकाश जातो त्या क्रमाने सांगितले आहेत, आरशापासून डोळ्यापर्यंत. मला हा निर्णय फार पसंत आहे. प्रत्येक भागाला प्रयोगशाळेत रोज ऐकू येणारं नाव आणि पाठ्यपुस्तकी नाव अशी दोन्ही दिली आहेत, कारण मराठी माध्यमातली मुलं अकरावीत गेल्यावर 'नेत्रिका' लिहितात आणि 'आयपीस' ऐकतात, आणि दोन्ही एकच हे त्यांना कुणी सांगत नाही. तीच बाराच्या बारा नावं वेगवेगळ्या बाजूंनी काढलेल्या छायाचित्रांवर पुन्हा येतात, कारण एका बाजूने ओळखलेला कंडेन्सर दुसऱ्या बाजूने हरवतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, फ्लुओरेसन्स यांना तिने हात घातलेला नाही. तो योग्यच संकोच आहे.

पहिल्या पानावरच्या छायाचित्रासाठी तिने स्टेज मुद्दाम वर नेला, मायक्रोस्कोपच्या मागे पांढरा पुठ्ठा उभा केला आणि आरशासमोर टेबल लॅम्प ठेवला, म्हणजे कंडेन्सर सावलीतून बाहेर यावा. वस्तुभिंग असं वळवलं आहे की त्याचे आकडे कॅमेऱ्याकडे असावेत. भिंगातून पाहिलं तर ४०/०.६५ वाचता येतं. बाणांना नावं देण्याआधी तेवढं वाचावं.